बसल्या जागी बरोबर, धावताना भलतंच: हिरव्या दिव्याचा मनगटी सेन्सर आणि त्वचेचा रंग

तक्रार थोड्याफार फरकानं अशीच येते. बसल्या जागी घड्याळ हृदयाचे ठोके बरोबर दाखवतं, पण धावायला लागलं की चार-पाच मिनिटांत आकडा १७०च्या आसपास जातो आणि तिथेच चिकटतो. दम लागलेला नसतो, सोबतच्या माणसाशी गप्पा मारत धावणं चाललेलं असतं, पण घड्याळाच्या मते गडी जीव खाऊन पळतोय. आणि शेवटी हमखास एक वाक्य असतं: 'माझ्या बायकोकडे हेच मॉडेल आहे, तिचं व्यवस्थित चालतं. ती गोरी, मी काळा. याला काळी कातडी दिसत नाही का?'

मनगटी सेन्सरच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे या प्रश्नाची दोन ठरलेली उत्तरं मला पाठ झालीत. एक, 'काळ्या त्वचेवर हे चालतच नाही.' दुसरं, 'पट्टा घट्ट बांधा, रंगाचा काही संबंध नाही.' दोन्ही अर्धवट आहेत. त्वचेचा रंग सहसा एकट्यानं आकडा चुकवत नाही. तो सेन्सरच्या हाताशी असलेली शिल्लक खाऊन टाकतो. मग पट्टा जरासा सैल असणं, हात गार असणं, हात हलणं, अशा ज्या गोष्टी गोऱ्या मनगटावर खपून गेल्या असत्या त्या इथे खपत नाहीत. म्हणून बसल्यावर सगळं ठीक आणि धावताना भलतंच.

चाचणीला आलेल्या एका धावपटूची तक्रार अशीच होती. त्याच्या उदाहरणानंच पुढे जाते.

आधी बघा, चुकीचा आकडा आला कुठून

त्याला आम्ही अर्धा तास सावकाश धावायला सांगितलं. मनगटावर त्याचंच घड्याळ आणि छातीला पट्टा. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत पकडतो. त्यात प्रकाशाचा काही भाग नाही, म्हणून त्वचेच्या रंगाशी त्याला देणंघेणं नाही आणि तुलनेसाठी तोच धरतात. सहाव्या मिनिटापासून पट्टा १३८ ते १४२ दाखवत होता. घड्याळ १६८वर गेलं आणि जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच राहिलं.

अशा वेळी पहिला प्रश्न 'किती चुकलं' हा नसतो. 'हा १६८ कोणाचा आहे' हा असतो. घड्याळातच पावलांची नोंद होती. ती उघडली तर मिनिटाला १६८ पावलं. म्हणजे घड्याळ नाडी मोजतच नव्हतं, पावलं मोजत होतं. पाय जमिनीवर आपटला की प्रत्येक वेळी मनगटाला हिसका बसतो, त्या हिसक्यानं सेन्सरवर पडणारा प्रकाश कमीजास्त होतो, आणि तो चढउतार नाडीच्या चढउतारापेक्षा ठळक असेल तर ठोके काढणारं घड्याळातलं गणित त्यालाच नाडी समजून धरून ठेवतं. सावकाश धावणाऱ्या बऱ्याच लोकांची पावलं मिनिटाला १६० ते १८० असतात, आणि हा आकडा हृदयाच्या ठोक्यांसाठीही अगदी पटण्यासारखा आहे. पावलं मिनिटाला ४०० पडत असती तर गणितानं तो आकडा केव्हाच फेकून दिला असता. इथे फेकायला कारणच मिळत नाही.

खात्री करायची असेल तर धावता धावता दोन मिनिटं वेग तोच ठेवून पावलं लहान आणि भरभर टाका, १६८ची १८० करा. ठोके इतक्यात फारसे बदलणार नाहीत. घड्याळाचा आकडा मात्र पावलांमागोमाग १८०कडे सरकला तर निदान पक्कं. आमच्या धावपटूचा आकडा १७९वर गेला. त्यालाच हसू आलं. पावलांच्या निम्म्यावर, म्हणजे ८४च्या आसपास चिकटलेला आकडाही मी पाहिलाय. तो हाताच्या झोक्याचा असतो, कारण दोन पावलांत हात एकदा पुढे-मागे होतो.

आकडा चुकण्याऐवजी दुसऱ्या तऱ्हाही दिसतात आणि त्यांचा अर्थ वेगळा असतो. आलेख मध्येच अगदी सपाट होऊन तीन-चार मिनिटं एकाच आकड्यावर राहिला, तर सेन्सरला काही मिळेनासं झालंय आणि घड्याळानं शेवटचा भरवशाचा आकडा धरून ठेवलाय. आकड्याच्या जागी रेघा आल्या तर ते निदान प्रामाणिकपणे 'कळत नाही' म्हणतंय. आणि पहिली सात-आठ मिनिटं चूक, नंतर आपोआप बरोबर, असं रोज होत असेल तर बहुतेक वेळा हात गार असतात. गारठ्यात त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, अंग तापलं की उघडतात.

बसून एकदा तपासणं मात्र चुकवू नका. पाच मिनिटं शांत बसा, हात टेबलावर ठेवा, मानेवर दोन बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. इथेच दहा-पंधरा ठोक्यांचा फरक निघाला तर गोष्ट वेगळी आहे. सेन्सरची काच घामानं-साबणानं माखलेली असेल, खाली गोंदण असेल, किंवा घड्याळ मनगटाच्या हाडावर चढून एका बाजूनं उचललं गेलं असेल. गडद गोंदणाची शाई त्वचेच्या आत, रंगद्रव्याच्या थराहून खोल असते आणि प्रकाश जवळपास अडवूनच टाकते. त्यावर उपाय एकच, घड्याळ दुसऱ्या हातावर घाला.

मेलॅनिन नेमकं काय करतं

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा एलईडी साधारण ५३० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टाकतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला त्वचेतल्या वाहिन्यांत जरासं जास्त रक्त येतं, तेवढ्यापुरता परतणारा प्रकाश जरासा घटतो, आणि शेजारचा फोटोडायोड ही घट टिपतो. 'जरासा' म्हणजे खरोखरच जरासा: परतणाऱ्या प्रकाशाच्या एखाद-दोन टक्के, कधी त्याहून कमी.

रक्तवाहिन्या आहेत त्वचेच्या आतल्या थरात. वरच्या थरात रक्त नाही, पण त्वचेला गडद करणारं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तिथेच आहे. तो थर मनगटावर साधारण एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ. प्रकाशाला तो दोनदा ओलांडावा लागतो, आत जाताना आणि बाहेर येताना, आणि दोन्ही वेळा मेलॅनिन आपला हिस्सा कापून घेतं. त्यातून मेलॅनिनची भूक तरंगलांबीप्रमाणे बदलते. ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाच्या मानानं ५३०च्या हिरव्याला ते सहा-सात पट जास्त शोषतं.

मग हिरवाच का वापरतात? अवरक्त मेलॅनिनमधून सहज पार होतो हे खरं, पण तो रक्तातूनही तितकाच सहज पार होतो, त्यामुळे नाडीचा ठसा फिका उमटतो. शिवाय तो खोल जातो, स्नायू आणि कंडऱ्यांपर्यंत, आणि त्यांची हालचालही सोबत घेऊन येतो. हिरवा वरच्या वर, बारीक वाहिन्यांपाशीच काम उरकतो. धावताना हा उथळपणाच कामाला येतो. गडद त्वचेवरही हालचालीत हिरवा अनेकदा अवरक्ताहून बरा ठरतो, म्हणून 'हिरवा काढा, अवरक्त टाका' इतकं सोपं उत्तर नाही.

एक गल्लत इथेच मिटवते. रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या घटीचं गुणोत्तर काढून त्यावरून टक्के सांगतं. तिथे रंगद्रव्यामुळे उत्तर एका बाजूला सरकू शकतं, म्हणजे यंत्र निवांतपणे थोडा जास्त आकडा दाखवत राहतं. हृदयाचे ठोके मोजताना घट किती आहे याला महत्त्व नसतं, दोन घटींमध्ये किती वेळ गेला याला असतं. मेलॅनिन घटीचा आकार छोटा करतं, वेळ बदलत नाही. म्हणून 'काळ्या त्वचेवर माझं घड्याळ नेहमी पाच ठोके कमी दाखवतं' असं जेव्हा कोणी सांगतं तेव्हा मी कारण दुसरीकडे शोधते. इथली चूक सरकलेली नसते. आकडा एक तर बरोबर असतो, नाही तर भलत्याच गोष्टीचा असतो.

दिवा वाढवला की प्रश्न सुटायला हवा ना?

इथे नवीन इंजिनिअरही अडकतात. मेलॅनिन म्हणजे काळा चष्मा. प्रकाश चौथा हिस्सा आला तर चौपट टाकू. बहुतेक घड्याळं हे आपोआप करतात, फोटोडायोडवर ठरावीक उजेड येईपर्यंत एलईडीचा प्रवाह वाढवत नेतात. बॅटरी जास्त खर्च होते, पण आकडा मिळतो.

बसलेल्या माणसाचा मिळतोही. धावणाऱ्याचं काय होतं हे समजायला एक छोटा हिशेब करू. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण प्रमाण खऱ्यासारखं आहे.

गोऱ्या मनगटावरून फोटोडायोडला १००० नॅनोअँपिअर इतका प्रकाश परततो असं समजा. यातला सगळाच आतून आलेला नाही. ५० हा काचेवरून आणि त्वचेच्या पृष्ठभागावरूनच उडून आलेला आहे. तो रक्तापर्यंत पोचलाच नाही, त्यात नाडी नाही. उरलेले ९५० आतून आले. नाडी त्यांच्या एक टक्का धरू, म्हणजे साडेनऊ. आता धावताना घड्याळ त्वचेवर किंचित डुगडुगतं आणि पृष्ठभागावरून उडणारा प्रकाश दहा टक्क्यांनी कमीजास्त होतो. ५०चे दहा टक्के म्हणजे ५. नाडी साडेनऊ, हिसका ५. नाडी जिंकली.

आता गडद मनगट, जिथे मेलॅनिन जाऊन-येऊन मिळून प्रकाश चौथ्या हिश्श्यावर आणतं. आतून येणारे ९५० आता सुमारे २३८ झाले. पण पृष्ठभागावरून उडणारे ५० तसेच राहिले, कारण ते मेलॅनिनपर्यंत गेलेच नाहीत! एकूण २८८. घड्याळाला हवेत १०००, म्हणून ते दिवा साडेतीन पट करतं. त्याबरोबर तो फुकटचा ५०ही साडेतीन पट होतो, म्हणजे जवळपास १७५. आतले ८२५. नाडी सव्वाआठ, हिसका साडेसतरा.

एकूण उजेड दोघांचा सारखाच, १०००. घड्याळाच्या आतल्या नोंदीत दोन्ही मनगटं 'उत्तम' दिसतील. पण एकाची नाडी हिसक्याच्या दुप्पट आहे आणि दुसऱ्याची निम्मी. बसलेलं असताना हिसका शून्य, म्हणून दोघांचंही बरोबर. दिवा वाढवून हे सुटत नाही, कारण दिवा दोघांनाही वाढवतो, नाडीलाही आणि कचऱ्यालाही. सुटतं ते त्या ५०ला आवर घातल्यावर.

एलईडी आणि फोटोडायोड यांच्यामध्ये काळी भिंत असते ती याचसाठी. ती भिंत काचेच्या आतून प्रकाशाला आडवा पळू देत नाही. काच किंचित फुगीर करून त्वचेत रुतवतात तीही याचसाठी, फट राहिली नाही की पृष्ठभागावरून उडणारा प्रकाश कमी. दोन्हींमधलं अंतर वाढवलं तर आतून फिरून आलेल्या प्रकाशाचा वाटा वाढतो, पण एकूण उजेड झपाट्यानं घटतो आणि गडद त्वचेवर तो आधीच कमी असतो. ही ओढाताण कुठे थांबवायची हा प्रत्येक घड्याळाचा स्वतःचा निर्णय असतो, आणि एकाच मनगटावर दोन कंपन्यांची घड्याळं वेगळी वागण्याचं ते एक मोठं कारण आहे.

मग मनगटावर काय केलं

त्या धावपटूचं घड्याळ मनगटाच्या हाडाला टेकून, हातात बांगडी असावी तसं होतं. पट्ट्याखाली करंगळी आरामात जात होती. बहुतेक लोक असंच घालतात आणि दिवसभरासाठी ते ठीकही आहे.

आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलली, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही. तोच रस्ता, तोच वेग. पहिल्या दिवशी फक्त जागा बदलली: हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या दिशेनं. तिथे हात थोडा मांसल आणि सपाट असतो, काच पूर्ण टेकते, आणि मनगट वाकलं तरी घड्याळ उचललं जात नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पट्टा एक भोक घट्ट. किती घट्ट? घड्याळ बोटानं ढकललं तर त्याच्यासोबत त्वचाही सरकली पाहिजे, घड्याळ त्वचेवरून घसरता कामा नये. आणि काढल्यावर खोल वळ उठत असेल तर ते जास्त झालं. फार आवळलं की वाहिन्या दबतात आणि नाडीच पुसट होते. हे लोक विसरतात. 'घट्ट बांधा' ऐकून बोटं बधिर होईपर्यंत बांधणारे मी पाहिलेत, आणि त्यांचे आकडे आणखी बिघडलेले असतात. तिसऱ्या दिवशी हे सगळं तसंच ठेवून निघण्याआधी दहा मिनिटं अंग तापवलं.

जागा बदलल्यावर १६८ला चिकटणं अर्ध्या तासातल्या चोवीस मिनिटांवरून नऊ मिनिटांवर आलं. घट्ट केल्यावर तीन मिनिटं. अंग तापवल्यावर ती तीनही गेली, कारण ती सगळी सुरुवातीचीच होती. तोच हात, तीच त्वचा.

पण तिथेच थांबलो असतो तर 'बघा, पट्ट्याचाच दोष' असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटं ठरलं असतं. त्याच जुन्या ढिल्या जागी, तेच घड्याळ आम्ही एका गोऱ्या धावपटूला घातलं. त्यानं दोनच मिनिटं चूक दाखवली. ढिला पट्टा दोघांचा सारखाच होता, दंड एकालाच बसला. दोन माणसांवरून मी नियम काढत नाही, पण वरचा हिशेब जे सांगतो तेच इथे दिसलं.

चाचणीच्या टेबलावर काय बघतात, किंवा बघायला हवं

पहिला प्रश्न त्वचा मोजायची कशी. बऱ्याच अभ्यासांत फिट्झपॅट्रिक श्रेणी वापरतात, एक ते सहा. ती १९७५ साली आली ती उन्हात त्वचा भाजते की रापते हे ठरवून अतिनील किरणांच्या उपचाराची मात्रा काढण्यासाठी. माणसाला प्रश्न विचारून ती ठरवता येते. रंग मोजण्यासाठी ती बनलीच नव्हती, आणि गडद त्वचेचे दोन गट तिला नंतर जोडले गेले. सेन्सरला तुम्ही उन्हात भाजता का याच्याशी काही घेणं नाही. त्याच्या काचेखालच्या त्या नखाएवढ्या जागेत किती मेलॅनिन आहे एवढंच त्याला लागतं.

म्हणून आम्ही रंगमापक टेकवतो, आणि तोही सेन्सर बसतो तिथेच. मापक त्वचेचा उजळपणा L* आणि पिवळेपणा b* देतो आणि त्यातून ITA नावाचा एक कोन काढतात:

```
ITA = arctan((L* − 50) / b*) × 180 / π
```

कोन जितका मोठा तितकी त्वचा उजळ. ५५ अंशांच्या वर अतिशय उजळ, १० ते २८ उन्हानं रापल्यासारखी, १० ते उणे ३० तपकिरी, उणे ३०च्या खाली गडद. आमच्या धावपटूच्या मनगटाच्या बाहेरच्या बाजूला उजळपणा ४२ आणि पिवळेपणा १५ आला. कोन उणे २८. त्याच हाताच्या आतल्या बाजूला ५५ आणि १७, कोन अधिक १६. एकाच हातावर दोन वेगळे गट! रोज उन्हात धावणाऱ्याची घड्याळाखालची आणि घड्याळाच्या भोवतीची त्वचाही सारखी नसते. गालाकडे बघून किंवा फॉर्मवर खूण करून घेतलेला गट मनगटाला लागू पडेलच असं नाही. २०२२पासून दहा छटांची मंक श्रेणीही वापरात आली आहे. डोळ्यानं ठरवायचं असेल तर ती बरी, कारण तिच्यात गडद छटांना जागा जास्त आहे, पण मापक हाताशी असेल तर मी मापकच घेते.

दुसरा प्रश्न यशाचा निकष काय. वैद्यकीय हृदयमापकांच्या जुन्या अमेरिकी मानकात १० टक्के किंवा ५ ठोके, यातलं जे जास्त असेल तेवढी चूक चालते, आणि मनगटी घड्याळांच्या अहवालांतही अनेकदा हीच मर्यादा धरतात. निकष वाईट नाही. फसवणूक होते ती सरासरीत, आणि त्याहून जास्त, गाळलेल्या सेकंदांत.

एक उदाहरण घ्या. दोन जण अर्धा तास धावले, म्हणजे १८०० सेकंद. पहिल्याच्या घड्याळानं १७५० सेकंदांचे आकडे दिले, सरासरी चूक ३ ठोके. दुसऱ्याच्या घड्याळानं ११५० सेकंदांचे दिले, सरासरी चूक ४ ठोके. तक्त्यात ३ आणि ४ शेजारी-शेजारी बसतात आणि कोणीतरी लिहितं, 'त्वचेच्या रंगानुसार लक्षणीय फरक नाही.' पण दुसऱ्याचे ६५० सेकंद गेले कुठे? गणितानं ते भरवसा नाही म्हणून गाळले, आणि ते सगळे वेगाच्या टप्प्यांतले निघाले, म्हणजे जिथे आकडा हवा होता नेमके तिथलेच. जितकं कडक गाळाल तितकी चूक सुंदर दिसते. म्हणून मी अहवाल हातात घेतला की आधी चुकीचा रकाना बघत नाही, किती वेळ आकडा मिळाला तो रकाना बघते. तो रकाना नसेल तर अहवाल बाजूला ठेवते. आणि घड्याळ गाळण्याऐवजी जुना आकडा धरून ठेवणारं असेल तर तेही सेकंद वेगळे मोजावे लागतात, नाहीतर सपाट रेघही 'आकडा मिळाला' म्हणून जमा होते.

याला लागूनच आणखी एक जुनी चूक. आठ माणसांचे प्रत्येकी १८०० सेकंद म्हणजे १४,४०० नोंदी, आणि संगणकाला तो मोठा नमुना वाटतो. पण माणसं आठच आहेत. एकाच मनगटाची हजार सेकंदं एकमेकांना धरूनच चालतात. सर्वांत गडद गटात दोनच माणसं असतील तर त्या गटाबद्दल बोलायला दोनच साक्षीदार आहेत, नोंदी कितीही असोत.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात जास्त टाळली जाते: अडचणी एकत्र करून बघणं. बहुतेक योजनांत त्वचेचा रंग एकीकडे तपासतात, गारठा दुसरीकडे, ढिला पट्टा तिसरीकडे. प्रत्येकात घड्याळ पास होतं. वरचा हिशेब आठवा. रंग एकटा असताना काही बिघडत नव्हतं, हिसका आल्यावर बिघडलं. त्यामुळे गडद त्वचा, गार हात, एक भोक सैल पट्टा आणि वेग अचानक वाढवणं हे चारही एकाच माणसावर एकाच वेळी हवेत. हे करायला खर्च येतो आणि निकाल वाईट दिसतो, आणि म्हणूनच ते वेळापत्रकातून आधी गळतं.

प्रकाशित अभ्यासांची उत्तरं एकमेकांशी का जुळत नाहीत तेही यातून थोडं कळतं. २०१७ साली स्टॅनफर्डच्या गटानं ६० स्वयंसेवकांवर सात मनगटी साधनं तपासली, आणि गडद त्वचेवर चूक जास्त आढळली. २०२० साली ड्यूक विद्यापीठाच्या गटानं ५३ जणांवर सहा साधनं तपासली. त्यांना त्वचेच्या रंगानुसार लक्षणीय फरक सापडला नाही, पण साधनासाधनांत फरक सापडला आणि हालचालीत चूक विश्रांतीपेक्षा सरासरी ३० टक्के जास्त निघाली. लोक यातला आपल्याला हवा तो अभ्यास पुढे करतात. मला यात भांडण दिसत नाही. साधनं वेगळी, हालचाली वेगळ्या, आणि ५३ माणसं सहा गटांत वाटली तर गटाला जेमतेम नऊ येतात. 'लक्षणीय फरक सापडला नाही' याचा अर्थ 'या नऊ-नऊ माणसांत, या हालचालींत सापडला नाही' असा घ्यावा. तुमच्या मनगटावर, तुमच्या घड्याळात, तुमच्या वेगाला काय होतं ते त्यात लिहिलेलं नाही.

जे सुटलं नाही

धावपटूची गोष्ट अर्धी राहिली. सावकाश धावणं जमल्यावर त्याला हवे होते ते वेगाचे टप्पे: एक मिनिट जोरात, एक मिनिट सावकाश, असं दहा वेळा. तिथे घड्याळ नव्या जागी, घट्ट पट्ट्यानं, तापलेल्या हातावरही मागे पडलं. छातीचा पट्टा १२८वरून १६५वर जायचा तेव्हा घड्याळ १४०च्या आसपास घुटमळायचं आणि १६०ला पोचेपर्यंत सावकाश मिनिट सुरू झालेलं असायचं. हे बऱ्यापैकी सगळ्यांचंच होतं, कारण मधल्या गोंधळात गणित काही सेकंद मागचं बघून सरासरी काढतं. पण संकेत जितका कमजोर तितकी ती सरासरी लांब घ्यावी लागते, म्हणून त्याचं घड्याळ त्या गोऱ्या धावपटूच्या घड्याळापेक्षा दरवेळी आणखी आठ-दहा सेकंद उशिरा पोचायचं. पट्ट्याची एकही तऱ्हा या आठ-दहा सेकंदांना हलवू शकली नाही.

आम्ही दंडावर बांधायचा प्रकाशाचाच सेन्सर त्याला देऊन बघितला. दंड मनगटासारखा वाकत नाही, हिसका कमी बसतो, आणि त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूच्या त्वचेचा ITA कोन मनगटापेक्षा बराच मोठा होता. उशीर निम्म्यावर आला. आता तो सावकाश धावताना मनगटाचं घड्याळ वापरतो, दोन बोटं वर, आणि टप्प्यांच्या दिवशी छातीचा पट्टा घालतो. बायकोला मात्र तो अजून सांगतो की तिचं घड्याळ त्याच्यापेक्षा चांगलं निघालंय. एकदा अदलाबदल करून बघ म्हटलं, तर तिनं दिलं नाही.